चोवीस महिने मोजायचे कधीपासून? आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास कराराचा सारांश

आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगर भागातली. खाली पार्किंग, वर तीन मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. सभेत बिल्डर ठरला आणि विकसन कराराचा मसुदा हातात आला. नव्वदेक पानं, सगळी इंग्रजीत. निम्मे सभासद पेन्शनर. "मला दोन पानांत मराठीत सांगा, मगच मी सही करते," असं पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी भर सभेत सांगितलं. मी खजिनदार, त्यात नोकरी बँकेतली, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

कलमामागून कलम मराठीत उतरवण्यात अर्थ नव्हता, कारण या मसुद्यात एकच गोष्ट चार ठिकाणी विखुरलेली असते. ताबा एका कलमात, त्याची तारीख सुरुवातीच्या व्याख्यांत, मुदतवाढ तिसरीकडे आणि बांधकाम होईपर्यंत बिल्डर आम्हाला देणार ते भाडं कधी थांबणार ते शेवटच्या परिशिष्टात. म्हणून मी प्रत्येक विषयापुढे चारच प्रश्न लिहिले: किती, कधीपासून, कधीपर्यंत, आणि नाही दिलं तर काय. जिथे उत्तर सापडेना तिथे लाल पेनाने खूण. "किती" या रकान्यात लाल खूण जवळपास नव्हतीच. आकडे बिल्डर ठळक टाइपातच देतो. लाल झालं ते "कधीपासून" आणि "नाही दिलं तर".

ताब्याचंच बघा. जाहिरातवजा पत्रात "२४ महिन्यांत ताबा" होतं. करारात ते २४ महिने "सर्व सभासदांनी जागा रिकामी केल्यापासून किंवा बांधकाम परवानगी मिळाल्यापासून, यातलं जे नंतर घडेल तेव्हापासून" होते. वर ६ महिने सवलतीचे. आणि व्याख्यांमध्ये एक बारीक ओळ: ताब्याची अंतिम तारीख म्हणजे महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे जाहीर केलेली तारीख. ती तारीख प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डर स्वतःच टाकतो आणि पुढे तिला मुदतवाढही मिळू शकते. म्हणजे २४ हा आकडा छापलेला, पण त्याला बांधून ठेवणारं काहीच नाही.

भाड्याचं कलम याच वाक्यावर उभं होतं. महिना १८,००० रुपये, तेही "सर्वांनी जागा रिकामी केल्यापासून". मी सभेत फळ्यावर मांडलं. समजा पंधरा जणांनी १ जूनला किल्ल्या दिल्या आणि एक जण १ नोव्हेंबरपर्यंत हलला नाही. मसुद्याप्रमाणे भाडं सगळ्यांनाच १ नोव्हेंबरपासून. पाच महिन्यांचे ९०,००० प्रत्येकाच्या खिशातून, आणि चोवीस महिन्यांची मोजणीही नोव्हेंबरलाच सुरू. काकूंनी लगेच वहीत लिहून घेतलं.

बिल्डरचीही बाजू होती, ती नाकारून चालणार नव्हतं. एक जरी घर भरलेलं असलं तरी तो इमारत पाडू शकत नाही. त्यामुळे वकिलांनी जे सुचवलं ते असं: बांधकाम परवानगी आणि महारेराची नोंदणी हातात आल्यावरच जागा रिकामी करण्याची ३० दिवसांची नोटीस द्यायची, त्याआधी कोणी हलायचं नाही. भाडं ज्याने त्याने किल्ली दिली त्या दिवसापासून. चोवीस महिने नोटीस संपल्यापासून. आणि नोटिशीनंतरही जो अडून बसेल, त्याच्यामुळे गेलेले दिवस मुदतीत वाढतील, पण तेवढ्या दिवसांचं इतरांचं भाडं त्याच्या कॉर्पसमधून, म्हणजे बिल्डर प्रत्येक सभासदाला भाड्याखेरीज देणार त्या रकमेतून वजा होईल. या शेवटच्या अटीवर बरीच खडाजंगी झाली, पण ती राहिली.

दुसरं टोकही तितकंच सैल होतं. "इमारत फर्निचरच्या कामासाठी तयार असल्याची नोटीस" मिळाली की ३० दिवसांनी भाडं बंद. अशी नोटीस लिफ्ट बसायच्या आधीही देता येते. महापालिकेचा भोगवटा दाखला नसताना राहायला गेलं तर पाण्याच्या कायम जोडणीपासून अडचणी सुरू होतात. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आमच्या कामी आला. त्यात प्रकल्पाला दोन वर्षं, अपवादाने जास्तीत जास्त तीन वर्षं अशी मुदत आहे. तो दाखवून आम्ही भाड्याची शेवटची तारीख भोगवटा दाखल्याला जोडली, आणि नोटिशीसोबत दाखल्याची प्रत हवीच असं लिहून घेतलं. महारेराच्या तारखेची ओळ काढून टाकली. सवलतीच्या ६ महिन्यांत भाडं मिळणार की नाही यावर मसुदा गप्प होता. आता तिथे स्पष्ट आहे: मिळणार, आणि त्यानंतरही उशीर झाला तर दीडपट.

पण दीडपट भाडं कागदावर असून उपयोग काय, चेक वटला नाही तर? बिल्डर ११ महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक देणार होता. बाराव्या महिन्याचं काय, ते मसुद्यात नव्हतं. आता पुढचे चेक आधीचे संपण्याच्या दोन महिने अगोदर सोसायटीत जमा करायचे आहेत.

खरा आधार बँक गॅरंटीचा, म्हणजे बिल्डरने शब्द मोडला तर पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीचा. त्याच शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितलेली आहे आणि मसुद्यात ती होतीही, फक्त २४ महिन्यांची. जिथे कराराने स्वतःच ६ महिने सवलत दिली आहे, तिथे नेमक्या अडचणीच्या काळात गॅरंटी संपलेली असणार. बँकेत असताना हे मी कैक वेळा पाहिलंय: मुदत संपल्यावर दावा घेऊन येणाऱ्याला बँक चहा पाजते, पैसे देत नाही. आमची गॅरंटी आता भोगवटा दाखल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवायची आहे, आणि थकलेल्या भाड्यासाठीही ती वटवता येईल असं तिच्या मजकुरातच आहे. करारात असून भागत नाही, बँक स्वतःच्या कागदातलंच वाचते.

कॉर्पसबद्दल सभासदांचा समज असा की ते हातात पडणारं बक्षीस आहे. मी त्याचा मेंटेनन्सशी हिशेब घातला. आज आम्ही महिना १,००० भरतो. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, वॉचमन, पंप, त्यामुळे आमच्या सल्लागार इंजिनिअरने ४,५०० चा अंदाज दिला. फरक ३,५०० चा, म्हणजे वर्षाला ४२,०००. सात टक्के व्याज धरलं तर त्यासाठी ६ लाख मुद्दल लागते. बिल्डरने देऊ केले होते ४ लाख, त्यातले निम्मे ताब्याच्या वेळी. ५ लाखांवर ठरलं. हप्ते मात्र बदलून घेतले: २५ टक्के कराराच्या नोंदणीला, उरलेले सगळे आम्ही जुन्या घराची किल्ली देताना. घर पाडून झाल्यावर मागण्यासारखं आपल्या हातात फार थोडं उरतं.

बिल्डरच्या बाकीच्या जबाबदाऱ्या मी एका परिच्छेदात आटोपल्या: जाण्यायेण्याचा सामानखर्च, भाड्याच्या घराची दलाली, आमच्या फ्लॅटवर लागणारा जीएसटी, आणि आमच्या सोळा फ्लॅटवर कर्ज न काढण्याची हमी. प्रत्येक ओळीपुढे कराराचं कलम आणि पान लिहिलं, म्हणजे कोणालाही मूळ वाक्य उघडून बघता येईल. शेवटी वकिलांनी एक वाक्य घालायला लावलं: सारांश आणि करार यात फरक पडला तर करार ग्राह्य. काकूंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि त्या नव्वद पानांची झेरॉक्स मागितली.