अंगठा पुरत नाही तेव्हा

बांगड्या भरायला गेलं तर बांगडीवाली आधी हात दाबून बघते आणि मगच माप काढते. मोबाइलच्या दुकानात हाताकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझा पंजा लहान आणि फोन सुमारे 78 मिलिमीटर रुंद. बसमध्ये डाव्या हाताने दांडा धरला की टायपिंगचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर. डावीकडचं ‘A’ गाठायला तो ताणला, की फोनच तळहातातून निसटू लागतो.

यावर गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये सोपा उपाय आहे. स्वल्पविरामाची कळ दाबून धरायची आणि वर येणाऱ्या चित्रांपैकी हाताच्या चित्रावर बोट सरकवायचं. कीबोर्ड अंग आखडून एका कडेला जातो. उरलेल्या पट्टीतला बाण दाबला की बाजू बदलते. त्याच पट्टीतून आकारही कमीजास्त करता येतो.

पण आकार ठरवताना हात आखडताच ठेवावा. कीबोर्ड फार अरुंद केला की ‘s’ दाबताना ‘a’ किंवा ‘d’ उमटतं. शेजारचीच अक्षरं चुकत असतील तर तो थोडा रुंद करायचा. अक्षरं बरोबर, पण फोन हातात डुलतोय, असं असेल तर अजून आवळायचा. शिवाय तो तळापासून जरासा वर उचलून घ्यावा. अंगठ्याला लांबचं गाठणं जड जातं, तसंच अगदी बुडाशी दुमडून स्पेस दाबणंही जड जातं. हे मात्र कुणी सांगत नाही.

मराठीत पंचाईत वेगळीच. आपली अक्षरं जास्त, त्यामुळे देवनागरी कळा मुळातच बारीक. त्या आणखी आखडल्या की ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक नशिबावर. म्हणून एका हाताने लिहिताना मी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी मांडणी घेते: ‘mala’ लिहिलं की ‘मला’. देवनागरी मांडणी घरी, दोन्ही हात मोकळे असताना.

एवढं करूनही वरच्या कोपऱ्यातली शोधाची खूण लांबच राहते, कारण आखडलेला असतो तो फक्त कीबोर्ड. त्यासाठी वन-हँडेड मोड वेगळा चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये सापडतो, मग तळाच्या मध्यावर बोट खाली ओढलं की अख्खा पडदाच लहान होऊन कोपऱ्यात येतो. आयफोनच्या ‘रीचेबिलिटी’त पडदा लहान होत नाही, वरचा भाग तेवढा खाली घसरतो. मला हे घसरणं जास्त आवडतं, कारण अक्षरं तेवढीच मोठी राहतात. चाळिशीनंतर हाही मुद्दा असतो.

घरात मात्र या सोयीला मान नाही. ओटीपी बघायला नवऱ्याने फोन घेतला, की कोपऱ्यात बसलेला कीबोर्ड बघून तो दर वेळी म्हणतो, “अगं, हा पुन्हा बिघडलाय.” आणि दुरुस्त करून देतो.