चमच्यातला च

आज दुपारी मराठीचा धडा रेकॉर्ड करायला आईने पंखा बंद केला, साड्यांचं कपाट सताड उघडलं आणि त्याच्यासमोर मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. कपाट उघडं असलं की आवाज घुमत नाही, हा तिचा स्वतःचा शोध. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ‘बाळांनो’ म्हणायची ढब तीच.

धडा च आणि ज चा होता. लिहायला एकच अक्षर, उच्चार मात्र दोन. चार म्हणताना जीभ टाळूला टेकते, चारा म्हणताना दातांच्या मागे. जन्म वेगळा, जमीन वेगळी. पुढे इ किंवा ए आला की उच्चार टाळूकडे सरकतो, म्हणून ‘माझा’तला झ ‘माझी’त बदलतो. आपल्याला हे कुणी शिकवलेलंच नाही, कानांनी आपोआप उचललं.

संध्याकाळी धडा ऐकून मॉरिशसहून एका बाईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचे पूर्वज दीडेकशे वर्षांपूर्वी कोकणातून तिथे गेले. घरात आता क्रिओल बोलतात, मराठी त्या पुस्तकातून शिकल्या. थांबत थांबत म्हणाल्या, “टीचर, माझी आजी ‘माझा’ वेगळं बोलायची. आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, आजीला वाचता येत नाही म्हणून ती चुकते.”

आईने तो मेसेज तीनदा ऐकला. मग म्हणाली, “उद्या चमचा घेते. एकाच शब्दात दोन्ही च.”

तुमच्या आजीचा कुठला शब्द तुम्ही चुकीचा ठरवला होता?