कोरेगाव–सातारा रोजच्या फेरीचा हिशेब : ई-स्कूटर आणि पेट्रोल स्कूटर, दीड वर्षानंतरची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं, की चार्जिंग स्वस्त पडतं हे मान्य, पण बॅटरी बदलायची वेळ आली की सगळी बचत एका दिवसात जाते की नाही? तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखे आकडे नव्हते. आता आहेत, म्हणून ही नोंद मुख्यतः बॅटरीवर आहे. पेट्रोल आणि विजेचा भाग पाया म्हणून आधी उरकतो.

घरात दोन गाड्या आहेत. माझी ई-स्कूटर 3 किलोवॅट-तास बॅटरीची, आणि दादाची 110 सीसी पेट्रोल स्कूटर. दोघंही कोरेगावहून साताऱ्याला कामाला जातो. जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरा, वर्षाचे साधारण 12,000. रस्ता एकच, वजन जवळपास सारखंच, त्यामुळे तुलना करायला याहून बरी जोडी मिळणं अवघड.

दादाच्या गाडीचं ॲव्हरेज आम्ही टाकी काठोकाठ भरून, पुन्हा तितकीच भरेपर्यंतचे किलोमीटर मोजून काढतो. ते 45 च्या आसपास बसतं. पेट्रोल 105 रुपये लिटर धरलं तर वर्षाला 28,000 रुपये, म्हणजे किलोमीटरला 2 रुपये 33 पैसे.

माझ्या बाजूला 16 अँपियरच्या सॉकेटला युनिट मोजणारं छोटं मीटर लावलं आहे. ज्याला हा हिशेब मनापासून करायचा आहे त्याने स्कूटरच्या डिस्प्लेवरचा आकडा धरू नये. डिस्प्ले बॅटरीतून बाहेर गेलेली वीज दाखवतो, आणि बिल येतं ते भिंतीतून घेतलेल्या विजेचं. मधे चार्जर गरम होण्यात दहा टक्क्यांच्या आसपास जाते. भिंतीतल्या एका युनिटला मला 27 किलोमीटर मिळतात. सरळ रस्त्यावर 45 ते 50 च्या वेगाने गेलो तर त्याहून जास्त, आणि 65 ने पळवली तर बरेच कमी. वर्षाला साधारण 445 युनिट लागतात.

आता युनिटचा दर. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढला जातो. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं. पहिली 100 युनिट एका दराने, त्यापुढे 300 पर्यंत जवळपास दुप्पट दराने. आमचं घर स्कूटरशिवायच महिन्याला 130 युनिट घेतं. म्हणजे स्कूटरची महिन्याची 37 युनिट सगळीच्या सगळी वरच्या टप्प्यात जातात. वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क धरून ते युनिट मला 13 रुपयांच्या आसपास पडतं. स्थिर आकार यात धरत नाही, तो स्कूटर नसती तरी भरावाच लागला असता. वर्षाचे 5,800 रुपये, किलोमीटरला 48 पैसे. ज्यांच्या घरी महिन्याला 60 युनिटच जळतात, त्यांना हाच खर्च जवळपास निम्म्यावर येईल. तेव्हा दुसऱ्याचा ‘किलोमीटरला वीस पैसे’ वाला आकडा उचलण्याआधी स्वतःचं बिल काढून टप्पा बघा.

सर्व्हिसिंगचं थोडक्यात सांगतो. दादाची गाडी दर 3,000 किलोमीटरला ऑइल मागते. त्याशिवाय एअर फिल्टर, प्लग, वीस-बावीस हजारांवर बेल्ट आणि रोलर, आणि दरवर्षी पीयूसी. सगळं मिळून वर्षाचे 5,000. माझ्याकडे ऑइल नाही, पीयूसी नाही. दोन सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, आणि टायरचा थोडा जास्त खर्च. मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे मागचा टायर पेट्रोल गाडीपेक्षा लवकर गुळगुळीत होतो. माझे वर्षाचे 2,500 होतात.

म्हणजे बॅटरी बाजूला ठेवली तर दादाचे 33,000 आणि माझे 8,300. बॅटरी बाजूला ठेवायची नाही, म्हणूनच ही नोंद.

माझ्या बॅटरीचा बदलीचा भाव मी सर्व्हिस सेंटरमधून विचारून घेतला. जीएसटी धरून 60,000 रुपये. लिथियम पॅकवर 18 टक्के जीएसटी आहे, स्कूटरवर 5 टक्के, हे विचारताना लक्षात ठेवा, कारण काही जण कर सोडून भाव सांगतात. बॅटरी आठ वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला 7,500 बाजूला टाकायचे. किलोमीटरला 63 पैसे. म्हणजे बॅटरीची झीज मला विजेपेक्षा महाग पडते. ज्याने ई-स्कूटर घेतली आहे त्याने हा आकडा रोज डोळ्यासमोर ठेवावा असं मला वाटतं, कारण आपण बोलतो नेहमी चार्जिंगच्या खर्चावर, आणि खरा खर्च बसलेला असतो सीटखाली.

आठ वर्षं हा आकडा वॉरंटीवरून घेतला आहे, पण वॉरंटी पूर्ण वाचा. बऱ्याच कंपन्यांची ‘8 वर्षं किंवा 80,000 किलोमीटर, जे आधी होईल ते’ अशी असते. माझ्या चालीने 80,000 किलोमीटर साडेसहा वर्षांच्या पुढे लगेचच होतील. दुसरं कलम असतं क्षमतेचं. बॅटरी मूळच्या 70 टक्क्यांच्या खाली गेली तरच बदलून मिळते. 74 वर आली तर वॉरंटीच्या नजरेतून ती ठणठणीत.

पण याच कलमाची दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते. नवी असताना माझी गाडी प्रत्यक्षात 85 किलोमीटर जायची. 70 टक्क्यांवर ती 60 जाईल. मला रोज लागतात 40. म्हणजे 70 टक्क्यांवरही मला बॅटरी बदलायची गरज नाही. बॅटरी कधी बदलायची हे तुमची रोजची गरज ठरवते. रोज 70 किलोमीटर लागणाऱ्याने हीच बॅटरी घेतली असती तर त्याला 82 टक्क्यांवरच अडचण आली असती. त्याने सुरुवातीलाच मोठा पॅक घ्यावा, तो पुढे स्वस्त पडतो.

बॅटरी किती झिजली हे घरी कसं कळतं? दर तीन महिन्यांनी मी गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरू देतो, तासभर थंड होऊ देतो, आणि 100 पर्यंत भरताना भिंतीवरच्या मीटरवर किती युनिट गेली ते लिहितो. नवी असताना 2.56 युनिट जायची. आता 2.45 जातात. दीड वर्षात साधारण 4 टक्के घट. सुरुवातीला घट जरा वेगाने होते आणि नंतर मंदावते, त्यामुळे या रेषेवर मी अजून तरी समाधानी आहे. 100 झाल्यावर लगेच प्लग काढू नका, शेवटी पॅकमधले सेल एकसारखे होत असतात. ते थांबेपर्यंतचं युनिट धरलं तरच दोन मोजण्या एकमेकींशी जुळतात.

या मोजणीचा खरा उपयोग मागच्या पावसाळ्यात झाला. एका युनिटला 27 ऐवजी 23 किलोमीटर यायला लागले. दादा म्हणाला, “बॅटरी गेली बघ तुझी.” मी 20 ते 100 ची मोजणी केली, तर युनिट जशीच्या तशी, 2.46. बॅटरी तितकीच वीज घेत होती, म्हणजे वीज दुसरीकडे कुठेतरी वाया जात होती. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाकं हाताने फिरवली. मागचं मोकळं फिरलं, पुढचं अर्ध्या फेरीत थांबलं. कॅलिपरच्या पिना चिखलाने जाम होऊन पॅड डिस्कला घासत होते. ई-स्कूटरमध्ये मोटरच बराच ब्रेक लावते, त्यामुळे हाताचा ब्रेक कमी वापरला जातो आणि या पिना लवकर अडकतात. मेकॅनिकने साफ करून ग्रीस लावलं, आणि आठवड्यात 27 परत. युनिट तेवढीच आणि किलोमीटर कमी, तर टायरची हवा, ब्रेक, वेग बघा. युनिटच कमी जायला लागली, तर बॅटरी बघा.

याने क्षमता कळते, जोर कळत नाही. जोर बघायचा तर यवतेश्वरचा घाट आहेच. 30 टक्क्यांच्या खाली चार्ज असताना घाटात गाडी आधीपेक्षा लवकर मंदावली किंवा टक्के धडाधड उतरून वर सपाटीला पुन्हा थोडे वर आले, तर सेलचा आतला रोध वाढलाय असं समजायचं. माझ्या गाडीत अजून तसं काही नाही.

आता पूर्ण बेरीज. दादाचे वर्षाला 33,000. माझे वीज, सर्व्हिसिंग आणि बॅटरीचे बाजूला टाकलेले मिळून 15,800. फरक 17,200. गाडी घेताना रोड टॅक्स माफ धरूनही माझी 30,000 नी महाग पडली होती. ते पावणेदोन वर्षांत वसूल होतात.

हेच वहिनींच्या वापरावर लावून बघितलं. त्या गावातल्या गावात वर्षाला 4,000 किलोमीटर फिरतात. बॅटरी नुसती उभी राहूनही वयाने झिजते, म्हणून कमी चालवली तरी ती दहा वर्षांच्या पुढे धरायला मी तयार नाही. वर्षाला 6,000, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया नुसता बॅटरीचा. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग धरून त्यांचे 13,500 होतात, ई-स्कूटरवर 9,700. फरक 3,800. तीस हजार वसूल व्हायला आठ वर्षं. म्हणून त्यांना मी स्पष्ट सांगितलं की पैशासाठी घेत असाल तर नका घेऊ, आवाज-धूर नको म्हणून घेत असाल तर अवश्य घ्या.

हिशेब करताना एक जपा. बॅटरीसाठी पैसे बाजूला टाकणं आणि जुन्या ई-स्कूटरला विकताना भाव कमी येतो हे, दोन्ही एकदम धरू नका. ग्राहक भाव पाडतो तो झिजलेल्या बॅटरीमुळेच. बॅटरी बदलणार असाल तर बदलीचा खर्च धरा आणि विक्रीचा भाव चांगला धरा. न बदलता विकणार असाल तर बदलीचा खर्च शून्य आणि विक्रीचा भाव पडका. दोन्ही लावले की ई-स्कूटर विनाकारण तोट्यात दिसते.

पुढची 20 ते 100 ची मोजणी एप्रिलमध्ये करतोय, भर उन्हाळ्यात. तोपर्यंत रोज 80 टक्क्यांवर चार्ज थांबवतोय आणि गाडी पत्र्याच्या शेडमधून काढून जिन्याखाली लावतोय. तुमच्यापैकी कोणी भिंतीवरचं मीटर लावलं असेल तर नवी असतानाची युनिट आणि आताची युनिट, पॅकच्या आकारासह, जरूर कळवा.