मे महिन्यातला बोर्ड आणि 0.7 नॅनोसेकंद

मागच्या मे मधली गोष्ट आहे. नागपूरचा मे म्हणजे सांगायला नको, दुपारी परसोडीच्या आयटी पार्कात गाडीच्या सीटला हात लावायची सोय नसते. आमची टीम छोटी, चार जण, एका मीटरिंग उपकरणासाठी एफपीजीए डिझाइन करत होतो. त्या दिवशी लॅबचा एसी बंद पडलेला आणि दुपारी अडीचच्या सुमारास बोर्ड रिक्वेस्ट गाळायला लागला. सकाळी तोच बोर्ड, तोच बिटस्ट्रीम, तीन तास एकही चूक नाही.

आमचा ज्युनियर म्हणाला, "दादा, रात्रीचं रिग्रेशन तर पूर्ण पास आहे, मग हे काऊन होऊन राहिलं?" प्रश्न अगदी बरोबर होता. रिग्रेशन, म्हणजे सगळ्या टेस्टचा रोजचा फेरा, आम्ही व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर चालवतो, तेही `--no-timing` लावून, म्हणजे डिले वगैरे काही नाही, सगळं लॉजिक आधीच क्रमाने लावून ठेवलेलं आणि प्रत्येक क्लॉकच्या काठावर ते एकदा मोजून मोकळं. सायकल-बेस्ड म्हणतात ते हेच. वेग यातूनच येतो, कारण कोणता सिग्नल कधी बदलला याची रांग सांभाळत बसावी लागत नाही.

मला वाटलं, मग इव्हेंट-ड्रिव्हनवर टाकू, तिथे दिसेल. आयकॅरसवर तीच आरटीएल, म्हणजे सर्किटचा मूळ कोड, चालवली. हा सिम्युलेटर प्रत्येक बदलाला घटना मानतो, त्या घटनेवर जे अवलंबून आहे तेवढंच परत मोजतो आणि वेळेच्या क्रमाने रांग पुढे नेतो. तासभर वाट पाहिली आणि इथेही पास! त्या क्षणी मी खरंच हबकलो, कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की इव्हेंट-ड्रिव्हन म्हणजे अचूक.

मग कोड समोर घेऊन बसलो. गळणारा फ्लॅग एकच होता, `pending`.

```verilog
assign clr = slot[3] & slot[2];
always @(posedge clk or posedge clr)
  if (clr)      pending <= 1'b0;
  else if (req) pending <= 1'b1;
```

`slot` हा 0 ते 15 मोजणारा काउंटर. 12 ला पोचला की वरचे दोन्ही बिट 1 होतात आणि फ्लॅग साफ होतो, कागदावर काही खोट नाही. पण बोर्डवर लॉजिक अॅनालायझर लावला तेव्हा दिसलं की फ्लॅग 12 ला नाही, 8 ला पडतोय. आता 7 वरून 8 ला जाताना काय होतं बघा, 0111 चं 1000 होतं, म्हणजे चारही बिट एकदम पलटतात. वरचा बिट आधी 1 झाला आणि त्याच्या खालचा 0 व्हायला जरा उशीर झाला, तर मधल्या क्षणी दोघंही 1 असतात. तेवढ्यात `clr` वर एक बारीक स्पाइक येतो, आणि असिंक्रोनस क्लिअरला क्लॉकची वाट बघायची नसते, त्याला तेवढं पुरतं.

हे आयकॅरसला का दिसलं नाही, ते इथे कळतं. आरटीएलमध्ये `slot` ला नवी किंमत एकाच असाइनमेंटने मिळते, चारही बिट एका झटक्यात, शून्य वेळात बदलतात. 1100 सारखी मधली अवस्था तिथे जन्मालाच येत नाही. इव्हेंट-ड्रिव्हन सिम्युलेटर घटना पकडतो हे खरं, पण डिलेच दिले नाहीत तर पकडायला घटनाच नसते. या बाबतीत तो आणि सायकल-बेस्ड सारखेच आंधळे.

मग प्लेस अँड राउट नंतरची नेटलिस्ट काढली, तिच्यासोबत डिलेची एसडीएफ फाइल जोडली आणि व्हेंडर टूलच्या सिम्युलेटरवर फक्त दोनशे सायकल चालवल्या. जास्तीत जास्त डिले लावून वेव्हफॉर्म झूम केला तर समोरच होतं. क्लॉकनंतर 0.9 नॅनोसेकंदांनी वरचा बिट 1, 1.6 ला खालचा 0, मध्ये 0.7 नॅनोसेकंदांचा स्पाइक आणि त्याच्या पाठोपाठ `pending` खाली. कमीत कमी डिले लावून परत चालवलं तर स्पाइक गायब, कारण तो इतका बारीक झाला की पुढच्या गेटच्या स्वतःच्या डिलेपेक्षाही छोटा पडला, आणि असा पल्स सिम्युलेटर गिळून टाकतो. म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी घोळ, तापल्यावर चिपमधले रस्ते हळू होतात आणि दोन बिटांमधलं अंतर वाढतं. एकाच कॉर्नरवर, म्हणजे फक्त कमीत कमी डिलेवर, तपासून समाधान मानलं असतं तर नेमकं हेच निसटलं असतं.

दुरुस्ती साधी होती. क्लिअर असिंक्रोनस ठेवलाच नाही, क्लॉकच्या आत घेतला, आणि एक सायकल उशीर होऊ नये म्हणून `slot` 11 ते 14 असताना साफ करायचा असं ठरवलं. स्पाइक आताही येतो, पण पुढच्या क्लॉकच्या काठापर्यंत तो विरलेला असतो आणि काठाशिवाय त्याच्याकडे कोणी बघत नाही. सायकल-बेस्ड सिम्युलेशन याच एका अटीवर उभं असतं, की दोन काठांच्या मध्ये काय गोंधळ झाला त्याने फरक पडत नाही आणि सगळं वेळेत स्थिर होतं हे टायमिंग अॅनालिसिस बघतं. आमच्या त्या असिंक्रोनस क्लिअरने अट मोडली होती आणि व्हेरिलेटर बिचारा अट पाळली जातेय असं धरून उत्तर देत होता.

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना सर म्हणाले, मग आता सगळंच डिलेसकट चालवायचं का? मी तिथेच हिशोब मांडला. रिग्रेशन 40 कोटी सायकलचं आहे. व्हेरिलेटर आमच्या मशीनवर सेकंदाला साधारण 10 लाख सायकल करतो, म्हणजे सात मिनिटांत मोकळा. आयकॅरस 16 हजार करतो, त्याला सात तास. डिलेवाली नेटलिस्ट सेकंदाला 300, म्हणजे पंधरा दिवस.

पण उलटं गणितही आहे. आमची स्लीप टेस्ट 10 सेकंदांची, त्यात 50 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर पूर्ण बंद आणि फक्त 32,768 हर्ट्झचं घड्याळ चालू. आयकॅरसला बंद क्लॉकचं काहीच मोजावं लागत नाही, घटना नाही तर वेळ सरळ उडी मारते, त्यामुळे 3.28 लाख सायकल वीस सेकंदांत होतात. आमचा सी++ टेस्टबेंच मात्र प्रत्येक टिकला लूप फिरवत राहतो, 50 कोटी वेळा, आठ मिनिटं. उडी त्यालाही शिकवता येईल, पण मग वेळेची रांग आपणच लिहायला बसलो असं होतं.

म्हणून असं ठरलं की रात्रीचं रिग्रेशन व्हेरिलेटरवरच राहील, स्लीपच्या टेस्ट आयकॅरसवर जातील, आणि रीसेट, क्लॉक बदलणं व उरलेले दोन असिंक्रोनस सिग्नल, एवढ्या तीन टेस्ट दोन्ही कॉर्नरच्या डिलेसह दर रिलीजआधी चालतील. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता एसी मुद्दाम बंद ठेवून आम्ही नवा बिटस्ट्रीम बोर्डवर टाकला आणि सहा वाजेपर्यंत घाम पुसत बसलो. एकही रिक्वेस्ट गळली नाही.