जन्म जळगावचा, राहणं रामबागेतलं

इंदूरला भंवरकुआंजवळच्या एका क्लासमध्ये मी राज्यसेवेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. परवाच्या सराव पेपरात दोन विधानं दिली होती. पहिलं: अनुच्छेद 15(1) नुसार केवळ निवासाच्या कारणावरून राज्य कोणत्याही नागरिकाशी भेदभाव करणार नाही. दुसरं: 16(2) नुसार सरकारी नोकरीत केवळ निवासावरून कोणी नागरिक अपात्र ठरणार नाही. रात्री अकराला झोपेत उत्तरसूची केली आणि दोन्ही बरोबर असं लिहून मोकळा झालो.

सकाळी रामबागेतली एक मुलगी पेपर घेऊन उभी. “सर, पंधरामध्ये निवास नाहीच आहे.”

“अगं, जन्मस्थान आहे ना? तेच ते.”

“तेच कसं? आईच्या माहेरी पहिलं बाळंतपण झालं म्हणून माझा जन्म जळगावचा. राहते तर इथेच.”

पुस्तक उघडलं. 15(1) मध्ये पाच कारणं: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. 16(2) मध्ये हीच पाच, शिवाय कूळ आणि निवास. म्हणजे पहिलं विधान चूक. मी सूची वर्गासमोरच दुरुस्त केली. दुसरा इलाज नव्हता.

जास्त लाज वाटायचं कारण वेगळं. हा फरक सर्वोच्च न्यायालयात गाजला तो आमच्याच गावच्या प्रकरणात, डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य, 1955. इथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारतच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना मात्र, शासनाने नामनिर्देशित केलेले सोडून, दीड हजार रुपये पडत. दिल्लीच्या विद्यार्थ्याने कायद्यापुढे समानता सांगणारा अनुच्छेद 14 आणि 15(1) यांचा आधार घेतला. बहुमताने निकाल त्याच्या विरुद्ध गेला. नियमात विचारलं होतं ते कुठे राहता हे, कुठे जन्मलात हे नव्हे. म्हणून 15(1) लागूच होत नाही. उरला 14, तर तिथे न्यायालयाला हे वर्गीकरण वाजवी वाटलं: राज्य स्वतःच्या पैशाने कॉलेज चालवतं, तर आपल्या रहिवाशांना सवलत देऊ शकतं. त्या काळी दीड हजार म्हणजे काय, हे बापाला विचारा, असं मी वर्गात म्हणालो. खरं तर आजोबांना विचारायला हवं.

मागच्या बाकावरून लगेच शंका आली: मग नोकरीच्या जाहिरातीत ‘राज्याचा रहिवासी असावा’ ही अट कशी चालते? त्यासाठी 16(3) आहे. काही वर्गांतल्या नोकऱ्यांसाठी राज्यात निवासाची अट घालता येते, पण तसा कायदा संसदेनेच करायचा. राज्याच्या विधानमंडळाला तो अधिकार नाही.

दुरुस्त सूचीनुसार त्या मुलीचा एक गुण वाढला. पुढच्याच प्रश्नात मी 16(3) मधला ‘संसद’ शब्द काढून ‘राज्य विधानमंडळ’ घातलं होतं. तिने ते विधान बरोबर धरलं होतं. तो गुण गेला.