मायक्रोमीटरचा तिसरा आकडा: माझा अनुभव

वरूडकडच्या एका संत्र्याच्या बागेतल्या पंपाचा शाफ्ट आमच्या वर्कशॉपमध्ये आला होता. बेअरिंगची जागा झिजलेली. वेल्डिंगने भरून ती लेथवर पुन्हा उतरवली. ६२०४ बेअरिंगचं भोक २० मिमी, आणि घट्ट बसण्यासाठी शाफ्ट के६ या मर्यादेत हवा, म्हणजे २०.००२ ते २०.०१५ मिमी. एवढ्या अरुंद पट्टीत साध्या मायक्रोमीटरचा दुसरा दशांश पुरत नाही, म्हणून भाऊंनी व्हर्नियरवाला काढून दिला.

"आधी झिरो पाह्य," भाऊ म्हणाले. तोंडं पुसली आणि रॅचेटने दोन-तीन टिकटिक होईपर्यंत बंद केला. फिरणाऱ्या थिंबलचा शून्य आडव्या रेषेच्या जरासा अलीकडेच थांबला होता, आणि न फिरणाऱ्या स्लीव्हवरच्या व्हर्नियरची २ नंबरची रेघ थिंबलच्या एका रेघेशी जुळत होती. म्हणजे काहीच न धरता तो ०.००२ दाखवत होता. हे प्रत्येक मापातून वजा करायचं.

शाफ्ट लेथवरून काढल्या काढल्या मोजला नाही. २० मिमीचं पोलाद वीस अंशांनी जास्त तापलं तर जवळपास ०.००५ मिमी फुगतं. आमची सगळी पट्टीच ०.०१३ ची. म्हणून शाफ्ट आणि मायक्रोमीटर दोन्ही सावलीत एकाच फळीवर ठेवून थंड होऊ दिले.

मग माप घेतलं. स्लीव्हवर २० ची रेघ उघडी, तिच्या पुढची अर्ध्या मिमीची रेघ झाकलेली. २० च्या आसपास हीच जागा सांभाळायची असते. थिंबल ४८-४९ वर असतानाही २० ची रेघ किंचित डोकावते, पण तेव्हा खरं माप १९.५ अधिक ०.४८, म्हणजे १९.९८ असतं. आमच्याकडे आडवी रेषा थिंबलच्या १ आणि २ च्या मधे होती, म्हणून २०.०१ पक्कं.

आता तिसरा आकडा. व्हर्नियरचे दहा भाग थिंबलच्या नऊ भागांएवढ्या जागेत बसवलेले असतात, त्यामुळे एकच रेघ नीट सरळ जुळते. डोळा समोर आणून पाहिलं, तर ४ जुळत होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा उलट्या दिशांना सारख्याच सरकलेल्या दिसल्या, हीच खात्री. वाचायचा तो व्हर्नियरचा आकडा. समोर आलेल्या थिंबलच्या रेघेवर काय लिहिलंय याच्याशी काही संबंध नाही.

२०.०१४ वजा ०.००२, म्हणजे २०.०१२. पट्टीत बसलं.

दुसऱ्या टोकाला रीडिंग २०.०१२ आलं, म्हणजे माप २०.०१०. मी वहीत २०.०१ लिहायला लागलो तसं भाऊंनी पेन धरला. "शून्य काहून सोडतो? २०.०१ म्हणजे २०.००५ ते २०.०१५ मधलं काहीही झालं. आपण तर तिसऱ्या आकड्यापर्यंत मोजलं ना?" २०.०१० लिहिलं. चौथा आकडा अंदाजाने जोडू दिला नाही; रेघा तेवढं सांगत नाहीत.