उलटा विचारलेला प्रश्न

स्मरणिकेसाठी 'शाळेतली एखादी आठवण लिहा' असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलन, सहल वगैरे सोडून मला नववी 'ब'चा एक तास आठवला. साल १९८६. विज्ञानाचे सर सहजीवन शिकवत होते. पुस्तकातलं उदाहरण सोडून त्यांनी आधी म्हशीवर बसणारा बगळा घेतला, कारण रंकाळ्यावर तो सगळ्यांनी पाहिलेला. मग फळ्यावर खडूनं एक मोठा मासा काढला, त्याच्या उघड्या जबड्यात एक चिमुकला मासा, आणि म्हणाले, "हा त्याचे दात साफ करतो. याला खायला मिळतं, त्याची स्वच्छता होते."

मी विचारलं, "सर, पण मोठा त्याला गिळत का नाही?"

वर्ग हसला. आपल्याकडे तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या पोरांना तोंडात आलेलं सोडायचं कशाला, हे कळणंच अवघड. सर मात्र हसले नाहीत. "मला माहीत नाही. तू शोध, आणि मला सांग," एवढंच म्हणाले.

पुढे मी समुद्री जीवशास्त्राकडे गेलो, पोटापाण्यासाठी कोचीला स्थायिक झालो. सरांच्या चित्रातला मासा प्रत्यक्ष भेटला लक्षद्वीपमध्ये, सात-आठ मीटर पाण्यात. बोटभर लांब, निळसर, नाकापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा. नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. आम्ही त्याला नुसता क्लीनर म्हणतो. प्रवाळाच्या एका उंचवट्यावर त्याचं दुकान. होय, दुकानच. गिऱ्हाइकं तिथे येतात, रांग लावतात, अंग सैल सोडून तिरकी उभी राहतात, कल्ले फाकवतात. मी पाहत होतो तेव्हा एक पोपट मासा डोकं वर करून पाण्यात लोंबकळत होता आणि क्लीनर त्याच्या कल्ल्याखाली शिरून टिपत होता. तो काय टिपतो? मुख्यतः नॅथिड नावाच्या जीवांची पिल्लं. कोळंबीच्या दूरच्या नात्यातली, तांदळाच्या कणीएवढी, माशाच्या अंगाला चिकटून रक्त पिणारी. म्हशीच्या कानातली गोचीड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ मोजलं होतं: एक क्लीनर दिवसाला साधारण २३०० गिऱ्हाइकं तपासतो आणि १२०० च्या आसपास परजीवी खातो.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. गिळला तर एक घास मिळतो. सोडला तर उद्याही गोचीड काढून मिळतात. पण पाण्यात तासभर बसल्यावर लक्षात आलं की मी प्रश्नच उलटा विचारला होता. नवल मोठ्या माशाचं नाही. नवल लहान्याचं, की तो लबाडी का करत नाही?

कारण त्याला परजीवी फारसे आवडतच नाहीत. त्याला आवडतो माशाच्या अंगावरचा चिकट बुळबुळीत थर, श्लेष्मा. तो पौष्टिक असतो, आणि माशाला तो स्वतःच्या संरक्षणासाठी हवा असतो. क्लीनर तो खायला लागला की गिऱ्हाईक चावल्यासारखं दचकतं, सगळं अंग एकदम झटकतं. पाण्यात बसून तुम्ही ते झटके मोजू शकता. माझ्या पोपट माशानं दोनदा अंग झटकलं. दुसऱ्या झटक्याला तो वळला आणि क्लीनरच्या मागे लागला, आणि हा दगडाआड पळाला. आता हे दुकान कसं टिकतं?

ग्रटर आणि स्वित्झर्लंडचे रेदुआन बशारी यांनी टाकीत प्रयोग केला, तो मला फार आवडतो. मासा नको, प्लास्टिकची पाटीच गिऱ्हाईक. तिच्यावर दोन प्रकारचं खाणं: एक साधं, म्हणजे माशांचं सुकं खाद्य, आणि एक चैनीचं, कोळंबी. क्लीनरला कोळंबी जास्त आवडते, जसा श्लेष्मा. नियम एवढाच, की कोळंबीला तोंड लावलं की पाटी काढून घ्यायची, किंवा तिनेच त्याचा पाठलाग करायचा. सुकं खात राहिला तर पाटी जागेवर. क्लीनर शिकले: आधी नावडतं खाऊ लागले. म्हणजे प्रामाणिकपणा गिऱ्हाइकाच्या हातात आहे. जायची आणि मारायची ताकद असेल तर लबाडी कमी होते.

प्रवाळावर याचे दोन परिणाम दिसतात. एक, हेकरूसारखा शिकारी मासा आला तर क्लीनर त्याला जवळजवळ कधीच चावत नाही. चूक झाली तर जीव जाईल. माझ्या शाळेतल्या प्रश्नातला जबडा प्रत्यक्षात इथे लहान्याला शिस्त लावत असतो. दोन, ज्या माशांना फिरून दुसऱ्या दुकानात जाता येतं त्यांचा नंबर आधी लागतो, आणि एकाच कोपऱ्यात राहणारे ताटकळतात. आपल्या पेठेतल्या न्हाव्याकडे पाहुणा आला की त्याला खुर्ची आधी मिळते आणि गल्लीतला माणूस पेपर वाचत बसतो, तसंच हे. शिवाय चावा घेतल्यावर क्लीनर कधी कधी छोट्या परांनी गिऱ्हाइकाच्या पाठीवर थापट्या देत राहतो, त्यानं गिऱ्हाईक शांत होतं.

जोडीनं काम करणाऱ्या नर-मादीतही एक गंमत आहे. मादीनं चावा घेतला तर गिऱ्हाईक दोघांचं जातं. म्हणून नर मादीचा पाठलाग करतो, आणि त्यानंतर ती लबाडी कमी करते. निकोला रायहानी यांनी बशारी आणि ग्रटरसोबत २०१० मध्ये हेही पाटीवरच दाखवलं.

सरांनी त्या दिवशी क्लाऊनफिशचंही नाव घेतलं होतं. तो समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नांगीदार बोटांमध्ये राहतो. त्या नांग्या त्याला डसत नाहीत, कारण त्याच्या अंगावरचा श्लेष्माच तसा असतो. नवीन फुलाशी काही जातींना हळूहळू अंग घासून जमवावं लागतं. तो फुलाची बोटं कुरतडायला येणाऱ्या फुलपाखरू माशांना हाकलतो, त्याच्या मलमूत्रातला अमोनिया फुलाच्या अंगातल्या शेवाळाला खत होतो, आणि रात्री तो फुलात हालचाल करत राहतो त्यानं पाणी खेळतं आणि प्राणवायू मिळतो. इथे मात्र माझा उलटा प्रश्न फारसा उद्भवत नाही. क्लाऊनफिश जन्मभर त्याच घरात राहतो. घर बिघडवून तो जाणार कुठे? उलट फूल त्याच्याविना जगू शकतं, तो मात्र निसर्गात फुलाविना जवळजवळ टिकत नाही. क्लीनरचा प्रश्न वेगळा, कारण तो दिवसाला हजारो अनोळखी गिऱ्हाइकांशी व्यवहार करतो.

हे सगळं सरांना सांगायला तीसहून जास्त वर्षं लागली. मागे एका सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो. सर आता ऐंशीच्या पुढचे. लिझर्ड बेटावर काही भागातून क्लीनर साडेआठ वर्षं काढून टाकले, तर तिथल्या रहिवासी माशांची संख्या ३७ टक्क्यांनी कमी झाली, हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि म्हशीवरचा बगळा?"

मी म्हटलं, "सर, त्याचा म्हशीला विशेष उपयोग नाही. तिच्या पायांनी उडालेले किडे तो खातो. गोचीड क्वचितच."

"म्हणजे तो मी चुकीचा शिकवला."

"थोडासा."

"मग पुढच्या वेळी येशील तेव्हा रंकाळ्यावर जाऊ. बघू किती वेळा टिपतो ते. वही घेऊन ये."